गोष्टीचं वळण आणि तळटीप

मराठी कथा इंग्रजीत नेताना किती समजावून सांगायचं, हा वाद निघाला की लगेच दोन तट पडतात. सांगली-साताऱ्याकडच्या ग्रामीण कथेवर बोलणं चाललं असेल तर आवाज जरा जास्तच चढतात, कारण त्या कथेत पदोपदी अशा गोष्टी येतात ज्या पुण्या-मुंबईच्या वाचकालाही थोड्या अडतात. एक तट म्हणतो, भाकरी, बेंदूर, पदर, वैनी सगळं तसंच ठेवा, ज्याला गरज असेल तो शोधून घेईल. दुसरा म्हणतो, लंडनच्या किंवा दिल्लीच्या वाचकाला यातलं काही कळणार नाही, तेव्हा तळटीप द्या, शेवटी शब्दसूची द्या. मग कुणी किती मराठी शब्द ठेवले आणि किती टिपा दिल्या यावरून अनुवादकाची निष्ठा मोजली जाते.

हा हिशेब चुकीच्या जागी मांडला जातोय असं मला ठामपणे वाटतं. वाचकाला काय माहीत नाही, हा पहिला प्रश्न नव्हेच. त्याला शंभर गोष्टी माहीत नसतात आणि त्यातल्या नव्वद माहीत नसल्याने कथेचं काही बिघडत नाही. कथेचं वळण कोणत्या गोष्टीवर टेकलंय, हे आधी विचारायला हवं. ती गोष्ट इंग्रजी वाचकाला वळणापूर्वीच, कथेच्या ओघात कळलेली असली पाहिजे. बाकीचं निर्धास्तपणे न समजावता सोडावं. आणि लेखकाने जे मराठी वाचकालाही सांगितलेलं नाही, ते अनुवादकाने परस्पर सांगून टाकू नये.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक उतारा घेऊ. मुद्दाम या लेखासाठी रचलेला आहे, पण अशा जागा आपल्याकडच्या कथांत नेहमी भेटतात. तासगावकडचं गाव, सुमन वाळव्याला दिलेली, माहेरी एका दिवसासाठी आलीय. कथेचा शेवट असा:

‘जेवणं झाल्यावर दादानं कागद पुढं सारला. सुमन म्हणाली, चष्मा घरीच राहिला. आत वैनी भांडी घासत होती, तो आवाज थांबला. साडेतीनच्या यष्टीला सुमन निघाली. वैनीनं कुंकू लावलं आणि करंडा फळीवर ठेवून दिला. सुमन पदर पसरूनच उभी होती. दादा म्हणाला, “निघ आता, वाळव्याला पोचंपर्यंत दिवस मावळंल.”’

याआधी कथेत कामाच्या दोनच ओळी आल्यात असं धरू. पहिल्या परिच्छेदात, ‘मागल्या पंचमीला वैनीनं घातलेला खण अजून शिवायचा राहिला होता.’ आणि मधे कुठेतरी, ‘आप्पा गेल्यावर उताऱ्यावर तिचंही नाव लागलं होतं.’

मराठी वाचकाला इथे काय दिसतं? बापाच्या पश्चात वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव चढलं, आता भावाला तिच्याकडून हक्कसोडपत्र हवंय. तिने नाही म्हटलं नाही, फक्त चष्मा नसल्याचं सांगितलं. आणि निघताना भावजयीने तिची ओटी भरली नाही. माहेरचं दार आता पूर्वीसारखं उघडं नाही, हे तिला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं. ‘ओटी’ हा शब्द उताऱ्यात नाही, ‘हक्कसोड’ही नाही. तरी कथा या दोन न उच्चारलेल्या शब्दांवरच उभी आहे.

आता हेच शब्दाला शब्द इंग्रजीत ठेवा. एक बाई दुसरीच्या कपाळाला काहीतरी लावते, डबी फळीवर ठेवते, पहिली बाई साडीचं टोक धरून उभी राहते, भाऊ म्हणतो उशीर होतोय. वाचक पान उलटतो आणि कथा अजून पुढे आहे असं समजून पुढचं पान शोधतो. ‘तसंच ठेवा’ म्हणणाऱ्या पक्षाने या वाचकाला काय द्यायचं ठरवलंय? तो शोधून घेईल म्हणावं, तर शोधणार काय? अडखळायला एखादा अनोळखी शब्द तरी लागतो. इथे पदर म्हणजे काय हे कळूनही उपयोग नाही, कारण जे घडलंच नाही त्यावर कथा संपते, आणि न घडलेली गोष्ट कुठल्या कोशात सापडणार?

टिपांच्या बाजूने गेलं तर? शेवटच्या ओळीला आकडा लागेल आणि खाली येईल, ‘सवाष्णीच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालण्याचा विधी, समृद्धी आणि संततीसाठी शुभचिंतन.’ माहिती अगदी बरोबर. पण ज्या क्षणी नजर सुमनवर राहायला हवी त्याच क्षणी ती पानाच्या तळाला गेली. शिवाय टीप विधी काय असतो ते सांगते, तो टळला तर काय होतं हे सांगत नाही. संतती-समृद्धीचा इथे काय संबंध? इथे ओटी म्हणजे माहेर आहे. ज्या टिपेने वळण उलगडायचं, तीच वाचकाला दुसऱ्या वाटेला लावते. टीप जागा अडवते म्हणून तिच्यावर पुष्कळ जण रागावतात, पण तिचा खरा दोष हा आहे की ती कोशातून येते, कथेतून येत नाही. प्रत्येक चालीरीतीला दहा अर्थ असतात, आणि समजावणारा त्यातला एक निवडतो. तो अर्थ कथेनेच निवडायला हवा.

पंचमीचंच बघा. सांगली जिल्ह्यातली पंचमी म्हटलं की बत्तीस शिराळ्याचे नाग आठवणारच, आणि शब्दसूचीत ‘नागपूजेचा सण’ असं लिहिलं तर कुणी खोटं म्हणणार नाही. पण सुमनच्या कथेत पंचमीला नाग नाहीतच. लेकी माहेरी येतात तो हा सण. इंग्रजीत एवढा एकच धागा गेला पाहिजे. नाग आत आणलात तर वाचक शेवटपर्यंत नागाची वाट बघेल.

मग करायचं काय? माझ्या मते काम शेवटच्या ओळीवर करायचंच नाही, ते पहिल्या परिच्छेदात करायचं. मूळ कथेने तिथे आपण होऊन जागा दिलीय, खणाच्या ओळीची. ती इंग्रजीत थोडी ऐसपैस लिहावी, म्हणजे मराठीत तिचा आशय असा होईल: ‘मागल्या पंचमीला लेकी माहेरी आल्या, तेव्हा परत निघताना वैनीनं कुंकू लावून पसरलेल्या पदरात तांदूळ-नारळासोबत घातलेला खण, ज्याशिवाय लेकीला कुणी माघारी धाडत नाही, तो अजून शिवायचा राहिला होता.’ वाक्य एकच राहिलं, त्यात तीन गोष्टींची भर पडली. पहिली क्रम: आधी कुंकू, मग पदर, मग तांदूळ-नारळ. दुसरी ही कृती कधी होते ते, म्हणजे निघताना. तिसरी ती टळत नाही हे. या तिन्हींपैकी एक जरी सुटली तरी शेवट कोसळतो. क्रम सुटला तर शेवटी कुंकू लागताना वाचकाला पुढची अपेक्षा लागणार नाही. वेळ सुटली तर हा कुठला तरी सणाचा विधी वाटेल. आणि टळत नाही हे सुटलं तर वैनी विसरली असेल असं वाटेल.

एवढं पेरलं की शेवटचा परिच्छेद जवळजवळ मराठीइतकाच मोकळा ठेवता येतो. कुंकू लागतं, वाचक पुढच्या कृतीची वाट बघतो, डबी फळीवर जाते, आणि सुमन अजूनही पदर धरून उभी असते. ‘पसरूनच’ मधला ‘च’ इंग्रजीत ‘स्टिल’ होऊन आला की पुरे. तिथे ‘वाट बघत’ किंवा ‘आशेनं’ असा एकही शब्द घालू नये. अनुवादकाचा हात नेमका अशा जागी घसरतो. आधी पेरायचं राहून गेलं असलं की ती कसर शेवटी भावना दाखवणाऱ्या क्रियाविशेषणाने भरून काढायचा मोह होतो.

कुंकवाच्या त्या ओळीत आणखी एक बारकावा आहे. मराठी वाचक पटकन विचार करू शकतो, ओटी भरली नाही म्हणजे सुमन विधवा आहे की काय? कारण रूढीनुसार ओटी सवाष्णीचीच भरतात. लेखकाने कुंकू लावायला लावून ती शंका मिटवलीय. इंग्रजी वाचकाला ती शंका येणारच नाही, तेव्हा तिचं उत्तर समजावण्यात अर्थ नाही. कुंकवाचं ते काम इंग्रजीत गळून पडतं, आणि दोन पायऱ्यांतली पहिली पायरी हे काम उरतं. असं गळणं मान्य करायला हवं. ‘हे गेलं, ते गेलं’ म्हणून प्रत्येक बारकावा वाचवायला निघालो तर वाक्याखाली दुसरं वाक्य, त्याखाली तिसरं असं होत जातं, आणि मूळ कथेत नसलेला एक बोलका निवेदक मधे येऊन बसतो.

आता कागद. हा कागद कसला हे लेखकाने मराठीतही सांगितलेलं नाही. इंग्रजीत ‘रिलीज डीड’ लिहिणं सोपं आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने शब्दही बरोबर आहे. तरी तो लिहू नये. मराठी वाचक उताऱ्यावरचं नाव, कागद आणि चष्मा या तीन गोष्टी स्वतः जोडतो, आणि ती जोडणी हाच त्याचा कथेतला वाटा असतो. इंग्रजी वाचकाकडून तो काढून का घ्यायचा? त्याला कमी पडतो तो फक्त ‘उतारा’, म्हणून तिथे गावच्या जमिनीच्या दप्तराचा उल्लेख तीन-चार शब्दांत करावा, बापाची जमीन आणि तिचं नाव एका वाक्यात यावं. मग कागद नुसता कागद राहू द्यावा. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेली दुरुस्ती, त्याआधी महाराष्ट्राने 1994 साली केलेली, हे सगळं कथेच्या आत आणण्याची काहीच गरज नाही. आणखी एक कारण आहे. सुमनने सही नाकारली का, हे कथा सांगत नाही. कदाचित तिला वेळ हवा होता, कदाचित घरी नवऱ्याला विचारायचं होतं. कागदाचं नाव आणि त्यामागचा कायदा समजावला की वाचक तिला हक्कासाठी उभी राहिलेली बाई म्हणून वाचणार. म्हणजे तिचा निर्णय अनुवादकानेच घेऊन टाकला.

नात्यांच्या बाबतीत मात्र मी सढळ हाताने स्पष्ट करायच्या बाजूचा आहे. इंग्रजीतली ‘सिस्टर-इन-लॉ’ भावजयही असते, नणंदही, जाऊही. इथे ती भावाची बायको आहे यावरच सगळं आहे. म्हणून पहिल्याच भेटीत ‘तिच्या भावाची बायको’ असं म्हणून वैनी हे नाव लावावं आणि नंतर फक्त वैनी. दादाचंही तसंच. हिंदी मुलखातल्या वाचकाला दादा म्हणजे आजोबा. भारतातला इंग्रजी वाचक आपलाच आहे, त्याला कळेल, असं धरून चालणाऱ्यांनी ही एक ओळ दिल्लीच्या मित्राला वाचायला देऊन बघावी. यष्टी सरळ ‘बस’ करावी. भाकरी आली तर भाकरी ठेवावी, तिची चपटी ज्वारीची पोळी करू नये, आणि तिला तिरक्या टाइपातही घालू नये. जे लोक ती रोज खातात त्यांच्या घरात ती परकी दिसायला लागते.

‘तसंच ठेवा’ म्हणणाऱ्यांचा सर्वात वजनदार मुद्दा सत्तेचा आहे, आणि तो मला मान्य आहे. इंग्रजी कादंबरीत फ्रेंच वाक्यं टीप न देता येतात आणि वाचक मुकाट वाचतो. मराठीनेच दर वेळी ओळखपत्र का दाखवायचं? मोल्सवर्थच्या कोशापासून 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’पर्यंत आपल्या शब्दांची इंग्रजी स्पष्टीकरणं झाली ती बहुतेक इथे राज्य करणाऱ्यांच्या, धर्मप्रसार करणाऱ्यांच्या सोयीची. शब्दसूचीला तो वास अजून आहे. पण या इतिहासावरून समजावणंच अपमानाचं ठरत नाही. आपल्याच भाषेत त्याचा केवढा मोठा दाखला आहे! गीतेचे 700 श्लोक, आणि 1290 सालच्या ज्ञानेश्वरीत त्यांच्या नऊ हजार ओव्या झाल्या. तिथे समजावणं आहे, भरपूर आहे, पण ते कडेला नाही, ओवीच्या आत आहे. श्रोत्याला थांबवून शब्दार्थ सांगितल्यासारखं वाटत नाही. अर्थात टीका आणि कथा या वेगळ्या गोष्टी आहेत. टीकेला पसरण्याची मुभा असते, कथेला नसते. तरी समजावण्याची जागा ओघाच्या आत असावी, एवढं तिच्याकडून घेता येतं.

याच्या उलट टोकाचा दाखला आपल्याच जिल्ह्यांतला आहे. टेंभूचे आगरकर, हरिपूरचे देवल. एकाने 1883 साली ‘विकारविलसित’ लिहून हॅम्लेट मराठीत आणलं, दुसऱ्याने 1890 साली ‘झुंजारराव’ लिहून ऑथेल्लो. देवलांनी माणसांची नावं, रीतभात मराठी करून टाकली, त्यामुळे समजावण्याचा प्रश्नच उरला नाही. रंगभूमीसाठी तो मार्ग फार परिणामकारक ठरला. पण आज मराठी कथा इंग्रजीत नेणारा सुमनला यॉर्कशायरच्या गावात नेऊ शकत नाही, कारण तिथे भावाने बहिणीकडून जमिनीचा कागद करून घेतला तरी ओटीसारखी कृती कुठून आणणार? नाव बदललं तरी चालीरीत बदलता येत नाही, म्हणून आपल्याला हा अवघड मधला रस्ता घ्यावा लागतो.

समजावा म्हणणाऱ्यांचाही एक मुद्दा असा आहे की त्यापुढे मान तुकवावी लागते, आणि तो जातीचा. ‘चहा पिऊन त्यानं कपबशी विसळली आणि वळचणीला ठेवून दिली.’ मराठी वाचकाला या एका वाक्यात त्या माणसाची जात, त्या घराची रीत आणि गावाचा सगळा इतिहास दिसतो. इंग्रजीत तो एक नीटनेटका पाहुणा होतो. न समजावण्याच्या अभिमानापायी अन्याय अदृश्य झाला आणि त्याजागी गावाचं साधं, गोड चित्र उरलं, तर ती निष्ठा कुणाच्या कामाची? पण इथेही टीप हा उपाय नाही. इंग्रजीत ‘त्याच्यासाठी बाहेर ठेवलेली’ एवढी जोड कपबशीला दिली आणि त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या पाहुण्याची कपबशी सून आत घेऊन जाते हे वाक्य गाळलं नाही, तर वाचकाला फरक स्वतः दिसतो. लेखकाने जातीचं नाव घेतलं नसेल तर आपणही घेऊ नये. आणि घेतलं असेल, वस्तीचं नाव स्पष्ट लिहिलं असेल, तर ते ‘गावाबाहेरची वस्ती’ असं गुळगुळीत करू नये.

पेरणी जमली की नाही हे स्वतःला कळत नाही, कारण अनुवादकाला शेवट आधीच माहीत असतो. त्यासाठी दोन वाचक लागतात. एकाला मराठी अजिबात येत नसावी. त्याला ‘कळलं का?’ विचारू नये, सगळे हो म्हणतात. ‘सुमन शेवटी काय घेऊन गेली?’ असं विचारावं. ‘काहीच नाही, आणि तिला ते मिळायला हवं होतं’ असं उत्तर आलं तर काम झालं. ‘वैनी विसरली’ किंवा ‘घर गरीब होतं’ आलं तर पहिल्या परिच्छेदातलं ‘ज्याशिवाय धाडत नाही’ कमी पडलं. वाचकाने पहिल्याच पानावर शेवट ओळखला तर ते जास्त झालं, मग खण अजून शिवायचा राहिलाय यावर वाक्याचं वजन सरकवावं, म्हणजे विधी जाता-जाता आल्यासारखा वाटेल. दुसरा वाचक मराठी असावा, पण मूळ कथा न वाचलेला. कोणतं वाक्य आपल्यासाठी लिहिलेलं नाही असं वाटतं, तिथे त्याने खूण करावी. दोघांच्या खुणा एकाच ओळीवर भिडल्या तर ती ओळ पुन्हा लिहावी लागते.

अशा पेरण्या एका लहान कथेत दोन, फार तर तीन. त्याहून जास्त लागत असतील तर बहुधा पोतासाठी असलेले तपशीलही आपण वळणाचे समजून बसलोय. बेंदूर हा शब्द मराठीत छापताना कुणी टीप देत नाही, आणि ज्याच्याकडे पोळा असतो तो नागपूरचा वाचक बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगावरून समजून घेतोच. मग इंग्रजी वाचकावर एवढा अविश्वास कशाला? जास्तीचं समजावलंय का हे शब्द मोजून बघू नये. मराठीत शब्दाला चिकटणारे प्रत्यय इंग्रजीत सुटे होतात, त्यामुळे शब्द तसेही वाढतात. वाक्यं मोजावीत. समजावण्यासाठी एखादं नवं वाक्य जन्माला आलं असेल तर ते बहुतेक वेळा काढता येतं. संवादात तर काहीच पेरू नये. दादा वैनीला ‘आपल्यात लेकीची ओटी भरतात ना’ असं म्हणायला लागला, तर ते दोघं एकमेकांशी न बोलता वाचकाशी बोलतायत.

संपादक शब्दसूची मागतात, आणि प्रत्येक वेळी नाही म्हणता येत नाही. तेव्हा कायद्याची माहिती, पंचमीची माहिती कथेनंतरच्या एखाद्या पानात द्यावी, कथेआधी कधीच नाही. सूची पुस्तकाच्या अगदी शेवटी असावी, कथेतल्या शब्दांवर आकडे किंवा फुल्या नसाव्यात. आणि त्या सूचीत ओटी हा शब्द घालू नये. तो मूळ कथेतही कुठे नाही.